टचस्क्रीनवर लिहिताना तळहाताच्या रेघा उठतात: पेन बदलू की लॅपटॉप?

बीजगणित_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत दहावीचे गणिताचे क्लास घेतो. पावसाळ्यात जयगड, मालगुंड बाजूच्या मुलांना संध्याकाळी येणं-जाणं जमत नाही, म्हणून एक बॅच लॅपटॉपवरून ऑनलाइन चालते. लॅपटॉप टचस्क्रीनचा आहे, स्क्रीन पूर्ण मागे वळते. बोटाने समीकरणं लिहिणं कठीण, म्हणून ऑनलाइन एक स्टायलस मागवला. जाहिरातीत 'ॲक्टिव्ह स्टायलस, दीड मिलिमीटर टोक, पाम रिजेक्शन' असं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणजे टेकलेला तळहात वगळला जाणार. यूएसबीने चार्ज होतो, बटण दाबलं की निळा दिवा लागतो.

हात अधांतरी ठेवून लिहिलं तर अक्षर छान येतं. पण वहीवर टेकवतो तसा हात टेकवला की करंगळीच्या बाजूला रेघा उठतात, मध्येच पान मोठं होतं, कधी वर सरकतं. पाऊण तास हात उचलून लिहिलं की खांदा भरून येतो.

हा दोष पेनाचा, लॅपटॉपचा की कुठल्या सेटिंगचा? आणि ते जाड रबरी टोकाचे साधे स्टायलस मिळतात, त्यांनी काही फरक पडेल का?

दापोलीकर

सर, पेनात बॅटरी आहे म्हणजे पेन ॲक्टिव्हच आहे. आणि ॲक्टिव्ह पेन असलं की पाम रिजेक्शन येतंच. सेटिंगमध्ये कुठेतरी बंद राहिलं असणार. विंडोजमध्ये पेनाचं वेगळं पान आहे, तिथे `Ignore touch input` अशी सुरुवात असलेला पर्याय आहे, तो चालू करा.

रबरी टोकाच्या नादी लागू नका. त्याने बीजगणित नाही, फक्त बाराखडी लिहून होईल.

अबोली_वेंगुर्ला

चांगला धागा. माझी मुलगी सातवीत आहे, तिला चित्रकलेची फार आवड. तिच्यासाठी पेनवाला टॅब घ्यायचा आहे. कुठला घ्यावा? मोबाईलवर ती बोटानेच काढते, पण हात लागून चित्र बिघडतं म्हणून चिडते.

सोलकढी_आणि_सर्किट

बीजगणित सर, मी चिपळूणला लॅपटॉप-टॅबच्या स्क्रीन बदलायचं काम करतो. आधी पुण्यात टच पॅनेलच्या टेस्टिंगमध्ये होतो. दापोलीकर म्हणतात ते सेटिंग खरंच आहे, पण ते चालू करण्याआधी तीन गोष्टी पाहून इथे लिहा.

पहिली, Settings मध्ये System, तिथे About. त्यात Pen and touch अशी ओळ असते. तिच्यापुढे नक्की काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर सांगा.

दुसरी, पेनाचा दिवा लावून टोक स्क्रीनपासून अर्धा सेंटीमीटर वर धरा, टेकवू नका, आणि हळू फिरवा. खाली बारीक ठिपका फिरताना दिसतो का?

तिसरी, वननोट असेल तर Draw मध्ये जाऊन Draw with Touch बंद करा आणि पेनाने लिहून बघा.

बीजगणित_रत्नागिरी

सर्किटभाऊ, पाहिलं.

१) `Touch support with 10 touch points`
२) ठिपका दिसत नाही. टोक टेकल्याशिवाय काहीच होत नाही.
३) Draw with Touch बंद केलं की तळहाताच्या रेघा थांबल्या! पण पेनही लिहायचं थांबलं. नुसतं पान सरकतं.

दापोलीकर, तुम्ही सांगितलेला पर्याय मला सापडला नाही.

सोलकढी_आणि_सर्किट

मग चित्र स्पष्ट आहे. सर, तुमच्या लॅपटॉपला पेन ही चीजच माहीत नाही. ज्या मॉडेलला पेन कळतं तिथे त्या ओळीत `Pen and touch support with 10 touch points` असं येतं. तुमच्याकडे सुरुवातीचं Pen and नाही. स्क्रीन दहा स्पर्श ओळखते, आणि सगळे तिच्या लेखी बोटंच.

आता पेनाविषयी. स्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक तारांची जाळी असते, उभ्या-आडव्या, साधारण चार-पाच मिलिमीटर अंतराने. बोट जवळ आलं की तिथल्या तारांमधला विद्युत संबंध थोडा कमी होतो, त्यावरून जागा कळते. बारीक टोकाने होणारा बदल इतका क्षीण असतो की स्क्रीन त्याला गोंगाट समजून टाकून देते. म्हणून बिनबॅटरीच्या साध्या स्टायलसला पाच-सहा मिलिमीटरचं जाड, वीजवाहक टोक लागतं, आणि ते धरणाऱ्या हाताशी विजेने जोडलेलं असावं लागतं.

तुमच्या पेनातली बॅटरी एवढंच करते की बारीक टोकातून विजेचा जोरदार स्पंद सोडते, म्हणजे दीड मिलिमीटरचं टोक स्क्रीनला बोटाएवढं वाटतं. सोय आहे, खोटं नाही. पण स्क्रीनकडे 'मी पेन आहे' असा कुठलाच निरोप जात नाही. वननोटची तिसरी चाचणी त्यासाठीच होती. बोटांना मनाई केली की हे पेनही बाहेर राहतं, बोटांना परवानगी दिली की तळहातही आत येतो. दोघांना वेगळं करायला कुणाकडेच काही खूण नाही.

खरं पेन वेगळ्या रीतीने चालतं. ते स्वतःचा ठरलेला सिग्नल सोडतं. स्क्रीन काही क्षण बोटं शोधते आणि मधले काही क्षण स्वतः गप्प राहून फक्त पेनाचा सिग्नल ऐकते. तो टेकायच्या आधी, साधारण सेंटीमीटरभर वरूनच ऐकू येतो. तो आला की स्क्रीन किंवा विंडोज बोटांकडे काणाडोळा करते. पाम रिजेक्शन म्हणतात ते मुख्यतः एवढंच. ते पेनाच्या डबीत भरून येत नाही. पेन, स्क्रीनमधली चिप आणि वरचं ॲप या तिघांचं एकमत लागतं. जाहिरातीतला शब्द एकट्या पेनाच्या बळावर लिहिलेला असेल तर त्याला अर्थ नाही.

दापोलीकर

बरोबर, पण मग माझ्या भावाकडे आयपॅड आहे, त्यावर असंच स्वस्तातलं पेन आहे, दुसऱ्या कंपनीचं, दिसायला सरांच्या पेनासारखंच. त्याचा हात खुशाल टेकलेला असतो, एक रेघ उठत नाही. आणि तुमची ठिपक्याची चाचणी मी आत्ता त्याच्यावर केली. ठिपका दिसत नाही. मग?

सोलकढी_आणि_सर्किट

चांगला मुद्दा काढलात. आयपॅडवर ठिपका ही खूण चालत नाही. टेकण्याआधी पेन दाखवायची सोय तिथे 2022 च्या एम2 आयपॅड प्रोपासून आली, आणि तीही ॲपलच्या स्वतःच्या पेन्सिलला. पेनाचा सिग्नल मात्र स्क्रीन ओळखते. भावाचं पेन ॲपल पेन्सिलचाच सिग्नल नक्कल करून सोडत असणार. ती पेनं 2018 पासूनच्या आयपॅडवरच चालतात आणि त्यांच्यात दाब कळत नाही, रेघ जाड-बारीक होत नाही. पण 'मी पेन आहे' हा निरोप जातो, त्यामुळे तळहात वगळता येतो.

खात्री करायची तर ते पेन तुमच्या मोबाईलवर चालवून बघा. बहुतेक काहीच उमटणार नाही. सरांचं पेन मोबाईलवरही लिहील. जे पेन 'कुठल्याही टचस्क्रीनवर चालतं' असं सांगतात, ते बोटाची नक्कल करणारं असतं.

दापोलीकर

मोबाईलवर खरंच उमटलं नाही.

मिठबावचो

माझ्याकडेय सरांसारखाच पेन आसा, देवगडात आंब्याची बिलां करतंय त्येच्यार. माका कोणी सांगल्यानी की हातमोजो घाल, चित्रकार घालतत तसो, करंगळी आणि बाजूचा बोट झाकणारो. घातलंय. मार्चात झ्याक चल्लो. जून लागलो तसो परत रेघो. सर्किटानू, ह्येचां काय कारण?

सोलकढी_आणि_सर्किट

भाऊ, कारण घाम. कोरडं कापड तळहाताला काचेपासून थोडं दूर ठेवतं, मग होणारा बदल स्क्रीनच्या मर्यादेखाली राहतो. तोच मोजा घामाने किंवा पावसाच्या हवेने ओला झाला की स्वतःच वीजवाहक होतो, म्हणजे तळहातालाच काचेपर्यंत आणून ठेवतो. शिवाय काचेवर ओलाव्याचा थर बसतो. नुसता एखादा थेंब पडला तर चांगली स्क्रीन त्याला ओळखून सोडून देते, कारण त्याचा परिणाम बोटापेक्षा वेगळा दिसतो. पण त्याच ओलाव्याला तुमचा हात टेकला की तो अख्खा ओला भाग शरीराशी जोडला जातो आणि मोठ्या बोटासारखा वागतो. जुलैत कोकणात हे रोजचं आहे.

दोन मोजे ठेवा, एक वाळत, एक हातात. जरा जाड विणीचा घ्या. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट उघडं राहू दे. बिलांपुरतं हे पुरेसं आहे, पाऊण तासाच्या तासिकेला नाही.

मिठबावचो

गावलां. पंख्याखाली एक वाळत घालतंय.

डावखुरी_अलिबाग

मी जरा वेगळं सांगते. माझ्या लॅपटॉपमध्ये About ला `Pen and touch support with 10 touch points` असंच येतं. पेन कंपनीचं मूळ आहे, ठिपकाही दिसतो. तरी माझ्या तळहाताच्या रेघा उठतात. प्रत्येक ओळीला नाही, पण नवी ओळ सुरू करताना हमखास. म्हणजे 'पेन कळतं की नाही' एवढ्यावर सगळं संपत नाही.

सोलकढी_आणि_सर्किट

अगदी बरोबर, आणि तुमच्या नावातच अर्धं उत्तर आहे. डाव्या हाताने लिहिताना मनगट वळवून लिहिता का, हात ओळीच्या वरून येतो असं?

डावखुरी_अलिबाग

हो. शाळेपासूनच.

सोलकढी_आणि_सर्किट

मग नव्या ओळीला तुमचा हात आधी काचेवर येतो आणि टोक मागून. त्या क्षणी पेन अजून ऐकू येण्याच्या अंतराबाहेर असतं. स्क्रीनसमोर एकटा तळहात, आणि ती त्याला बोट समजते. पुढच्या क्षणी पेन खाली येतं तोवर रेघ सुरू झालेली असते.

आणखी एक अडचण. तळहात एकदम अख्खा टेकत नाही. आधी करंगळीखालचा उंचवटा टेकतो, तो बोटाएवढाच दिसतो, मग पसरतो. नुसत्या आकारावरून ओळखायचं तर प्रणालीला थोडं थांबावं लागतं. जास्त थांबली तर बोटाचा प्रत्येक स्पर्श उशिरा उमटतो, कमी थांबली तर तळहात निसटतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी उलटा मार्ग घेतात: स्पर्श आधी मान्य करायचा आणि पुढे पेन आलं किंवा ठसा वाढला की 'तो स्पर्श रद्द' असं ॲपला कळवायचं. चांगलं ॲप ती रेघ लगेच पुसतं. काही ॲप्स ते ऐकतच नाहीत आणि रेघ तशीच राहते.

तुम्ही दोन गोष्टी करा. पेनाच्या सेटिंगमध्ये कोणत्या हाताने लिहिता ते डावा निवडा. आणि ओळ बदलताना टोक आधी काचेजवळ न्या, ठिपका दिसला की हात टेकवा.

डावखुरी_अलिबाग

डावा हात आधीच निवडलेला आहे. त्याने मेनू दुसऱ्या बाजूला उघडतात, रेघांत फरक दिसला नाही. टोक आधी न्यायचं मात्र आज करून पाहिलं, रेघा खूपच कमी झाल्या. पण हे दर ओळीला लक्षात ठेवणं म्हणजे लिहिण्यावरचं लक्ष तिकडे जातं. वननोटमध्ये Draw with Touch बंद केलं तर प्रश्नच राहत नाही, तिथे पेन लिहितं आणि हात फक्त पान सरकवतो. ऑफिसच्या ब्राउझरमधल्या व्हाइटबोर्डला तसा पर्याय नाही, खरी डोकेदुखी तिथे आहे.

खाडीपूल

ब्राउझरचं मी सांगू शकतो, मी वेबचंच काम करतो, सध्या मुरूडला घरून. ब्राउझर प्रत्येक स्पर्शाबरोबर पानाला कळवतो की हे `pen` आहे, `touch` आहे की `mouse`. व्हाइटबोर्ड बनवणाऱ्याने ते तपासलं तर बोट वेगळं काढणं सोपं. नाही तपासलं तर सगळं एकाच शाईत.

कुठल्याही लॅपटॉप-टॅबवर पेन खरं आहे का हे पाहायला एक छोटं पान देतो. नोटपॅडमध्ये टाका, `pen.html` नावाने ठेवा, ब्राउझरमध्ये उघडा आणि टेकवा.

```html
<body style="touch-action:none; height:100vh; font-size:40px">
<script>
onpointerdown = e =>
  document.body.textContent = e.pointerType + " " + Math.round(e.width);
</script>
```

पेन टेकवल्यावर `pen` आलं तर पेन खरं, `touch` आलं तर बोटाची नक्कल. पुढचा आकडा म्हणजे ठशाची रुंदी. बोट, करंगळीची कड, पूर्ण तळहात असं एकेक टेकवून बघा. काही स्क्रीन कुठल्याही स्पर्शाला 1 हाच आकडा देतात. तिथे आकारावरून तळहात ओळखायची सोय ब्राउझरला नाही हे लगेच कळतं.

बीजगणित_रत्नागिरी

खाडीपूल, करून पाहिलं. माझं पेन: `touch`. अपेक्षितच होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर शंका राहिली नाही. तळहाताचा आकडा बोटाच्या कितीतरी पट येतो. मग एक विचारतो: आकडा एवढा वेगळा आहे, तर ॲपने नुसतं 'मोठा ठसा सोडून द्या' म्हटलं तर माझ्या या पेनानेही काम भागेल ना?

खाडीपूल

अर्धवट भागेल. काही नोट्सच्या ॲप्समध्ये तसं असतंही, शिवाय पानाच्या खाली मनगटासाठी राखीव पट्टा असतो, त्यात पडलेला स्पर्श मोजतच नाहीत. पण तुमच्या पेनाचा ठसा आणि करंगळीच्या कडेचा ठसा जवळपास सारखाच. टेकवून बघा, तो आकडा किती येतो.

बीजगणित_रत्नागिरी

खरंय. कड हलकेच टेकवली तर बोटाएवढाच येतो. माझ्या रेघाही तिथूनच उठतात.

आडिवरेकर

मध्येच शिरतो. सर, तुमचा चार्जर लावलेला असतो का तासाला? माझ्याकडे चार्जर लावला की स्क्रीन आपोआप उड्या मारते, नसलेले स्पर्श उठतात. मला आधी वाटलं तळहातच.

सोलकढी_आणि_सर्किट

हे फार महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडे बरंच दिसतं. चार्जरमधला गोंगाट लॅपटॉपच्या अंगातून स्क्रीनपर्यंत पोचतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. चाचणी सोपी: चार्जर काढून बॅटरीवर तेच लिहा. उड्या थांबल्या तर दोष पेनाचा नाही, हाताचाही नाही. मग इलेक्ट्रिशियनला बोलवा, दुसरं पेन मागवू नका.

बीजगणित_रत्नागिरी

तपासलं. बॅटरीवरही तळहाताच्या रेघा तशाच आहेत. पान मध्येच मोठं होणं मात्र कमी झालं. म्हणजे माझ्याकडे दोन्ही रोग असावेत. अर्थिंग बघून घेतो.

बाजारपेठ_सावंतवाडी

मंडळी, एक गोष्ट खटकतेय. इथे सगळे 'खऱ्या पेनाला सिग्नल, सिग्नलला बॅटरी' असं धरून चाललेत. माझ्याकडे सॅमसंगचा टॅब एस6 लाइट आहे. त्याच्या एस पेनमध्ये बॅटरीच नाही, कधी चार्ज करावं लागलं नाही. तरी हात टेकवून लिहितो, ठिपकाही दिसतो. पावसाळ्यातही काही त्रास नाही.

सोलकढी_आणि_सर्किट

छान उदाहरण. ती पद्धत वेगळी, वॅकॉम कंपनीची ईएमआर. तिथे पेनासाठी स्वतंत्र पाटी स्क्रीनच्या मागे बसवलेली असते. ती चुंबकीय लहरी सोडते, पेनातलं वेटोळं त्यातूनच ऊर्जा घेतं आणि उत्तर परत पाठवतं. म्हणून बॅटरी नको. पेन आणि बोट यांच्या वाटाच वेगळ्या, त्यामुळे घाम-पाण्याचा पेनाच्या रेघेवर परिणाम नाही. बोटांची जाळी मात्र तीच असते, तिला ओलावा छळतोच. पेन जवळ आल्यावर ती दुर्लक्षित होते म्हणून तुम्हाला जाणवत नाही.

एक मर्यादा आहे. चुंबकवालं कव्हर मागे दुमडलं तर काही ठिकाणी रेघ वाकडी जाते किंवा पेन चालतच नाही. टॅब नादुरुस्त समजून लोक माझ्याकडे घेऊन येतात, कव्हर काढलं की ठीक.

बाजारपेठ_सावंतवाडी

अरे! उजव्या कडेला एक पट्टा मला असाच लागतो. कव्हर काढून बघतो.

अबोली_वेंगुर्ला

माझा प्रश्न राहिलाच की. मुलीला चित्रांसाठी?

सोलकढी_आणि_सर्किट

ताई, राहिला होता खरा. चित्रासाठी दाबाप्रमाणे रेघ बदलायला हवी, म्हणजे बोटाची नक्कल करणारं पेन उपयोगाचं नाही, आणि आयपॅडवरचं बिनदाबाचं नक्कल-पेनही नाही. ज्या टॅबबरोबर त्याच्याच कंपनीचं पेन येतं असा घ्या. दुकानात हात पूर्ण टेकवून एक सावकाश तिरपी रेघ काढायला लावा तिला. काही पेनांत हळू काढलेली तिरपी रेघ नागमोडी येते, कारण तारांच्या मधली जागा अंदाजाने काढली जाते. लिहिताना कळत नाही, चित्रात लगेच दिसतं.

अबोली_वेंगुर्ला

हे छान सांगितलंत. कुडाळला जाणार आहोत, तिलाच रेघ काढायला लावते.

दापोलीकर

सरांकडे परत येऊ. लॅपटॉपला पेन कळत नाही हे ठरलं. मग महागातलं, मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचं किंवा दोन्ही पद्धती बोलणारं वॅकॉमचं बांबू इंक घेतलं तर?

सोलकढी_आणि_सर्किट

नाही चालणार, पैसे जातील. बांबू इंक मायक्रोसॉफ्टची एमपीपी आणि वॅकॉमची एईएस या दोन्ही पद्धती बोलतं हे बरोबर, पण ऐकणारी स्क्रीन त्यातली एक तरी जाणणारी हवी. सरांची कुठलीच जाणत नाही. ड्रायव्हर टाकूनही येत नाही, कारण पेनाचा सिग्नल ऐकायचं काम स्क्रीनच्या चिपचं आहे.

ज्यांचा लॅपटॉप पेन जाणतो त्यांनीही पद्धत बघूनच घ्यावं. एमपीपीच्या स्क्रीनवर नुसतं एईएसचं पेन रेघ उमटवत नाही.

डावखुरी_अलिबाग

आणि त्यातल्या बऱ्याच पेनांना एएएए ही बारीक बॅटरी लागते. अलिबागला मिळता मिळत नाही. ती उतरायला लागली की ठिपका येतो-जातो आणि तळहाताच्या रेघा वाढतात. मला बरेच दिवस कारण कळत नव्हतं. आता मुंबईला गेलं की पाकीट आणून ठेवते.

आडिवरेकर

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी फोडली की आत तशाच सहा बारीक बॅटऱ्या निघतात म्हणे.

सोलकढी_आणि_सर्किट

काहींत निघतात, काहींत चपट्या चकत्या निघतात. फोडताना शॉर्ट होऊन तापते, आणि निघालेलीचं माप एएएएशी तंतोतंत जुळत नाही. महागाच्या पेनात ती कोंबू नका. चार्ज होणारं पेन घ्या, ते बरं.

बीजगणित_रत्नागिरी

मग माझ्यापुढे काय उरलं? दुसरा लॅपटॉप यंदा शक्य नाही.

सोलकढी_आणि_सर्किट

सर, तुमच्या कामाला यूएसबीवरची पेन-पाटी चांगली. स्क्रीन नसलेली, काळी, साधी. तीही ईएमआरचीच, पेनाला बॅटरी नाही. साध्या पाट्यांना बोट कळतच नाही, त्यामुळे तळहात वगळायचा प्रश्नच उद्भवत नाही. अख्खा हात ठेवा, चहाचा कप ठेवा. किंमत लॅपटॉपच्या मानाने फारच कमी. काही पाट्यांना बोटांचा स्पर्शही कळतो, ती घेतलीत तर तेवढा भाग बंद करा.

अडचण एकच: लिहायचं खाली, बघायचं वर. सुरुवातीला अक्षर वाकडं येतं.

दापोलीकर

मला हे पटत नाही. गणितात आकृती काढताना नजर टोकावर हवी. वर बघून त्रिकोणाला लंब काढायचा, आणि तोही मुलांसमोर? त्यापेक्षा जुना, सेकंडहँड पेनवाला टॅब घ्यावा, टॅबवर लिहावं आणि तीच स्क्रीन मीटिंगमध्ये दाखवावी.

सोलकढी_आणि_सर्किट

आकृत्या जास्त असतील तर तुमचं म्हणणं बरोबर. सेकंडहँड घेताना खाडीपूलची ती पानाची चाचणी दुकानातच करा. `pen` आलं तरच पैसे द्या. आणि पेन टॅबबरोबरचं मूळ आहे का ते बघा.

बीजगणित_रत्नागिरी

बीजगणिताला पाटी, भूमितीला टॅब, असंच दिसतंय! आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे पेन-पाटी पडून आहे, ती रविवारी आणतोय. आधी तिच्यावर वर्गसमीकरणं सोडवून बघतो. पण एक शंका: क्लासचा व्हाइटबोर्ड ब्राउझरमधलाच आहे. पाटीचं पेन त्याला `pen` म्हणून दिसेल की `mouse` म्हणून? दाबाने रेघ जाड होते की नाही ते त्यावरच ठरणार ना?

खाडीपूल

पाटीच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये विंडोज इंक असा पर्याय असतो. तो चालू असेल तर `pen`, बंद असेल तर बहुधा `mouse`. माउस म्हणून दिसलं तरी लिहिता येईल, फक्त दाब जाणार. तळहाताचं भय दोन्हीकडे नाही. रविवारी तेच पान उघडून टेकवा आणि काय येतं ते इथे टाका, डावखुरीताईंच्या व्हाइटबोर्डलाही त्याचा उपयोग होईल.

डावखुरी_अलिबाग

नक्की टाका सर. पाटीवर हात आधी आला तरी चालत असेल, तर मीही तिकडेच वळेन.